मदत हवी आहे: सरासरी चेहरा सगळ्यांना आवडला, पण नक्की कशामुळे?

रानजाई: नमस्कार मंडळी. एमएच्या सायकॉलॉजी प्रॅक्टिकलसाठी वर्गातल्या २४ मुलींचे फोटो एकत्र करून कॉम्प्युटरवर एक सरासरी चेहरा बनवला, तो बाकीच्या फोटोंत मिसळला आणि ज्युनियर्सना १ ते ७ मार्क द्यायला सांगितले. सरासरी चेहरा जवळपास सगळ्यांच्या वर गेला म्हणून मी खूश. पण मॅडम म्हणतात, तुझ्या सरासरी बाईला एक पुटकुळी नाही की डाग नाही, मग पोरांनी मार्क सरासरीला दिले की गुळगुळीत कातडीला? शिवाय दोन मुली सरासरीच्याही वर आहेत, त्यांचं काय करू? आणि सुंदर म्हणजे चारचौघींसारखी, हे मला मुळातच पटत नाहीये. व्हायव्हा जवळ आलाय, प्लीज सांगा.

गोदाकाठ: अहो सिमेट्री, दुसरं काय. कोणाची डावी भुवई वर तर कोणाची उजवी, सगळ्या एकत्र केल्या की चेहरा आपोआप सारखा होतो आणि सारखा चेहरा सगळ्यांनाच आवडतो. विषय संपला.

तिरकस_रेघ: @गोदाकाठ अर्धं बरोबर आहे, सिमेट्रीचा हातभार असतो. पण एका बाजूने काढलेल्या फोटोत डावं-उजवं नसतंच, तरी साइड फेसचीही सरासरी लोकांना जास्त आवडते असं दिसलंय, म्हणजे सिमेट्रीवर सगळं भागत नाही.

@रानजाई मॅडमची शंका रास्त आहे आणि जुनी आहे. १८७० च्या दशकात फ्रान्सिस गाल्टनने गुन्हेगारांचे फोटो एकाच प्लेटवर एकावर एक घेतले, त्याला वाटलेलं गुन्हेगाराचा खास चेहरा उमटेल, उमटला तो बऱ्यापैकी देखणा माणूस. १९९० मध्ये लँगलोइस आणि रॉगमन यांनी हेच कॉम्प्युटरवर केलं, १६ आणि ३२ चेहऱ्यांच्या सरासरी बहुतेक सुट्या चेहऱ्यांपेक्षा सरस ठरल्या, आणि लगेच आक्षेप आला की हे तर धुरकटपणाचे मार्क.

तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन कामं वेगवेगळी होतात. आधी डोळ्यांचे कोपरे, नाकाचं टोक, ओठ, हनुवटी असे पॉइंट लावून प्रत्येक फोटो ताणून सरासरी आकारात बसवला जातो, मग रंग मिसळले जातात. ही दोन्ही तोड. एका मुलीचा फोटो घे, तो फक्त सरासरी आकारात बसव, कातडी तिचीच ठेव, डाग-पुटकुळ्यांसकट. मग उलट कर, आकार तिचाच आणि त्यावर सरासरी कातडी. मूळ फोटो, हे दोन, असं सात-आठ जणींचं करून नव्या मुलांकडून मार्क घे. पहिल्या प्रकारात मार्क वाढले तर आकाराचं श्रेय खरं. नुसत्या रेषांच्या चित्रांतही सरासरीकडे सरकवलेले चेहरे जास्त आवडलेत, तिथे कातडीच नसते, त्यामुळे वाढतील असा माझा अंदाज आहे, फक्त तुझ्या पहिल्या आकड्यांएवढे नाही. आणि कानाजवळ केसांची भुतं दिसत असतील तर सगळे फोटो एकाच अंडाकृतीत काप, नाहीतर सरासरी कुठली ते पोरं लगेच ओळखतील.

हसरी_मावशी: माझ्या भाचीच्या गालावर तीळ आहे, स्थळाच्या फोटोतून स्टुडिओवाला काढतो म्हणतोय. काढावा का गं?

तिरकस_रेघ: मावशी, धागा वेगळा आहे, पण तीळ राहू द्या, पाहुणे घरी आल्यावर दिसणारच आहे. @रानजाई, मावशींचा तीळ तुझ्या कामाचा आहे. २४ फोटोंत एकीलाच तीळ असेल तर सरासरीत तो चोविसाव्या हिश्शाने उरतो, म्हणजे दिसतच नाही.

रानजाई: हे करते! पण त्या दोघी?

तिरकस_रेघ: त्या तुझ्या व्हायव्हाचा मुख्य मुद्दा आहेत, लपवू नकोस. १९९४ मध्ये पेरेट, मे आणि योशिकावा यांनी ६० बायकांची सरासरी काढली, मग त्यातल्या सगळ्यात जास्त मार्क मिळालेल्या १५ जणींची वेगळी काढली, ती जास्त आवडली. या दोन सरासरींतला फरक मुद्दाम वाढवला तर अजून आवडली. म्हणजे सरासरी चेहरा चांगला, पण सर्वांत सुंदर नव्हे, अप्रतिम चेहरे तिच्यापासून ठरावीक दिशेने दूर असतात. त्यामुळे तुझं न पटणं बरोबरच आहे.

गोदाकाठ: मग सरासरी आवडतेच का? निरोगीपणाची खूण म्हणून ना?

तिरकस_रेघ: एक मत तसं आहे. पण कुत्रे, पक्षी आणि मनगटी घड्याळांच्या चित्रांतही जास्त प्रातिनिधिक नमुने लोकांना आवडतात, आणि घड्याळाची तब्येत कोण बघतंय! म्हणून दुसरी बाजू म्हणते, पाहिलेल्या चेहऱ्यांचा मेंदूत साचा बनतो आणि साच्याजवळचं सहज ओळखू येतं म्हणून बरं वाटतं. टांझानियातल्या हाडझा लोकांना हाडझा चेहऱ्यांची सरासरी आवडली, युरोपियन चेहऱ्यांची काही विशेष नाही, ज्यांचे चेहरे कधी फारसे पाहिलेच नाहीत त्यांचा साचा कुठून असणार?

गोदाकाठ: पण मग तान्ही बाळं? त्यांनी किती चेहरे पाहिलेले असतात? तीही देखण्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघतात ना.

तिरकस_रेघ: हो, अगदी काही दिवसांची बाळंसुद्धा. साचेवाले म्हणतात थोडक्या चेहऱ्यांतूनही साचा पटकन बनतो, मला ते पूर्ण पटत नाही. भांडण चालू आहे.

रानजाई: मॅडमनी नेमकं हेच विचारलं तर?