एकमत ९० टक्के, तरी कप्पा कमी का?

> "छातीचे १०० एक्स-रे, दोन डॉक्टर. दोघांनीही 'टीबीची शंका' म्हटलं २ फिल्मना, दोघांनीही 'नाही' ८८ ना, उरलेल्या १० मध्ये मतभेद (५-५). कप्पा फक्त ०.२३. गणित चुकलं का?"

गणित बरोबर आहे. कप्पा म्हणजे योगायोगाने जुळणारी मतं वगळून उरलेलं एकमत मोजणारा आकडा. प्रत्येकाने ७ फिल्मना 'शंका' आणि ९३ ना 'नाही' म्हटलंय. याच प्रमाणात त्यांनी फिल्म न बघता नुसते शिक्के मारले असते, तरी ०.९३ × ०.९३ + ०.०७ × ०.०७, म्हणजे जवळपास ८७ फिल्मवर मतं जुळलीच असती. योगायोगापलीकडे कमावण्यासारख्या उरल्या १३, त्यातल्या कमावल्या ३. तोच ०.२३.

त्यामुळे कप्पाला दोष देऊन ९० टक्के छापू नका, ही माझी कळकळीची विनंती. निदान एकाला तरी शंका आली अशा फिल्म १२ आणि दोघांना आली फक्त २ मध्ये. रुग्णाच्या दृष्टीने खरा प्रश्न तिथेच आहे. कप्पासोबत 'शंका'वरचं एकमत (दोघांच्या मिळून १४ शिक्क्यांपैकी ४ जुळणारे, साधारण २९ टक्के) आणि 'नाही'वरचं (१८६ पैकी १७६, साधारण ९५ टक्के) वेगवेगळं द्या, आणि चार खणांचा तक्ताही. मग त्या १० फिल्म दोघांसमोर पुन्हा ठेवा. जुना व्रण एकजण शंकेत धरतो आणि दुसरा सोडून देतो, असं बऱ्याचदा निघतं. तसं असेल तर व्याख्या पक्की करून नव्या फिल्मवर पुन्हा मोजा.

पोकळीचा आकार मिलिमीटरमध्ये मोजला असेल तर मात्र कप्पा नको. तिथे दोघांच्या मापांतला फरक त्यांच्या सरासरीसमोर आलेखावर मांडा. ठिपके उजवीकडे जाताना वर-खाली जास्त पसरत गेले, तर मोठ्या पोकळ्यांत मतभेद वाढतोय.