दूध तुटलं म्हणजे आई सुटली का?

खिडकीतला
ओळखीच्या बाईंच्या मांजरीला चार पिल्लं झालीत. पाच आठवड्यांची आहेत, आपलं आपण खातात, मातीच्या ट्रेमध्ये जातात. मला त्यातलं एक हवंय, तर बाई म्हणतात बारा आठवड्यांशिवाय देणार नाही! पिल्लू जितकं लहान आणावं तितका त्याला आपला लळा लागतो. बारा आठवड्यांनी ते आईचंच झालेलं असणार. मुलं वाढवायचा हा सोस मांजरांवर कशाला?

वेतमोजणी
उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण "आपलं आपण खातात" वाचून राहवलं नाही. खाणं हा मुद्दाच नाही. चौथ्या आठवड्यापासून पिल्लं खाण्यात तोंड घालतात आणि आठव्यापर्यंत दूध जवळपास तुटतं. तुम्ही पिल्लू नेताय पाचव्यात, आणि भावंडांशी मारामारीचा खेळ खरा रंगतो तो त्यानंतर. नवव्या-दहाव्या आठवड्यात तर घर डोक्यावर घेतात.

तो खेळ म्हणजे काय, तर दात किती जोरात लावायचे याची तालीम. मागच्या वेतात एक दांडगा बोका होता. सहाव्या आठवड्यात तो बहिणीचा कान असा धरायचा की ती किंचाळून खाटेखाली जायची आणि तिथून हलायची नाही. खेळ बंद! हा मग आईच्या शेपटीवर. ती आधी फिस्कारायची, नाहीच ऐकलं तर पंजाने मानेवर दाबून ठेवायची, आणि सरळ उठून जायची. दिवसातून वीसदा हेच. दहाव्या आठवड्यात तोच बोका झेप घेताना नखं आत ठेवायला लागला, आणि बहीण ओरडली की तोंड सैल करायला. हे मी त्याला शिकवू शकले नसते. माझी कातडी आणि मांजराची कातडी यात फरक आहे, आणि दिवसातून वीसदा उठून जायला मला वेळही नाही.

तिसरा डोळा
ताई, अर्धीच गोष्ट सांगताय. माणसाची सवय लागण्याचा काळ दुसरा ते सातवा आठवडा. त्यात माणसाचा हात लागला नाही तर पिल्लू जन्मभर कपाटामागे राहतं. माळ्यावर वाढलेलं एक बारा आठवड्यांचं पिल्लू मी आणलं होतं. वर्ष झालं, अजून पाहुणे आले की गायब. म्हणजे खिडकीतला म्हणतोय त्यात तथ्य आहे, सातव्याच्या आत आणायला हवं.

वेतमोजणी
काळ बरोबर सांगितलात, निष्कर्ष चुकला. दुसऱ्या ते सातव्यात माणूस भेटायला हवा, आई सुटायला नको. माझ्याकडे डोळे उघडले की रोज उचलणं सुरू होतं, आणि एकट्या माझ्याच हातात नाही. बायका, पुरुष, शेजारची मुलं, सगळे. तुमच्या पिल्लाचं बिनसलं ते आईमुळे नाही, माळ्यावर कोणी गेलं नाही म्हणून. भटक्या मांजरीचं वेत असेल आणि माणूस जवळ जाऊच शकत नसेल, तर मीही लवकर उचला म्हणेन. बाईंच्या घरात ती अडचण दिसत नाही.

तिसरा डोळा
बरं. माळा माझा नव्हता हे नोंदवून ठेवतो.

एकटी जीव
म्हणजे मी माझ्या मनीचं वाटोळं केलं असंच म्हणायचंय ना तुम्हाला? तीन आठवड्यांची होती, पावसात एकटी ओरडत होती. आई शोधली, आली नाही. दर तीन तासांनी उठून बाटली पाजली. आता दीड वर्षाची आहे आणि पोटरीला अशी डसते की रक्त येतं. आईपाशी ठेवायची कुठली आई?

वेतमोजणी
अहो, तुम्हाला कोण म्हणतंय? तुम्ही वाचवलंत. वाद मुद्दाम तोडण्याबद्दल आहे. पण तुमची मनी म्हणजे मी वर सांगितलं त्याचंच उदाहरण. तिला कोणी ओरडून सांगितलंच नाही की दुखतं. लहानपणी हाताशी खेळवलीत का?

एकटी जीव
हो. चादरीखाली बोटं हलवायची, ती झडप घालायची. गोड वाटायचं.

वेतमोजणी
ते आजपासून बंद. चावली की हात मागे ओढू नका, ओढलात की पळणारा उंदीर वाटतो. गोठून उभ्या राहा, पकड सुटली की न बोलता खोलीबाहेर जा. मारायचं अजिबात नाही. आणि रोज दोन वेळा काठीला दोरी बांधून दमेपर्यंत पळवा. दीड वर्षाची आहे, पूर्ण जाईल असं वचन देत नाही. बाटलीवरच्या पिल्लाला त्याच वेळी जोडीला दुसरं पिल्लू किंवा शांत मोठं मांजर मिळालं तर बरंच सावरतं.

आकडेशास्त्री
गोष्टी पुष्कळ झाल्या, पुरावा? माझा बोका सहाव्या आठवड्यात आला, गायीसारखा आहे.

वेतमोजणी
हेलसिंकी विद्यापीठाचा 2017 चा अभ्यास आहे, 5,700 च्या वर मांजरं. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्यांत आक्रमकपणाची शक्यता जास्त. चौदाच्या पुढे तोडलेल्यांत आक्रमकपणा कमी, स्वतःला वेड्यासारखं चाटत बसणंही कमी. तुमची गाय त्यातही बसते, शक्यताच आहे ती.

आकडेशास्त्री
वाचलाय. मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या आहेत. पिल्लं लवकर देणारा माणूस इतर बाबतींतही निष्काळजी असेल, ते कसं वेगळं काढणार? आणि लवकर तोडल्याने भित्रेपणा वाढलेला दिसला नाही, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

वेतमोजणी
गाळलं, मान्य. पण ते माझ्याच बाजूचं आहे. भित्रेपणाची भानगड हाताची, चावण्याची भानगड भावंडांची. प्रश्नावलीचा मुद्दा मात्र घ्यावा लागतो.

नसबंदी आधी
बारा आठवडे, बारा आठवडे! आणि तोवर त्या मांजरीचं काय? दूध पाजतानाही ती माजावर येते, नऊ आठवड्यांत पुढचं वेत. तुमची पिल्लं बारा आठवड्यांची होतात तोवर आई पुन्हा पोटुशी. मी पाच वर्षं लोकांनी टाकून दिलेल्या पिल्लांची खोकी उचलतेय, सगळे "सुसंस्कारित" पिल्लांवर चर्चा करतात, आईवर कोणी नाही.

तिसरा डोळा
दूध चालू असताना ऑपरेशन होत नाही. आमच्या डॉक्टरांनी दूध आटेपर्यंत थांबायला सांगितलं होतं.

नसबंदी आधी
होतं! गर्भाशय काढलं म्हणून दूध बंद होत नाही. पोटावर सड सुजलेले असतात म्हणून बरेच जण थांबतात, काही जण कुशीतून छेद घेतात. तुमचे डॉक्टर थांबले आणि मांजर तोवर बाहेर फिरत होती का?

तिसरा डोळा
… होती.

नसबंदी आधी
पुढचं सांगू नका, खोकं मीच उचललं असेल.

वेतमोजणी
धागा पिल्लांचा आहे हो. आणि घरात कोंडली तर तीही सोय होते.

नसबंदी आधी
कोंडते कोण? आणि तीच पिल्लं चौथ्या महिन्यात माजावर येऊ शकतात. तुमच्या बारा आठवड्यांनंतर हातात महिनाभर उरतो. त्यावर एक ओळ लिहिली असतीत तर तुमची तालीम शोभली असती.

वेतमोजणी
लिहिली नाही, चुकलं. आता ओरडणं थांबवाल?

खिडकीतला
प्रश्न माझा होता, आठवण करून देतो. काल बाईंकडे जाऊन आलो. करड्या पिल्लाने माझा अंगठा धरला, दुसऱ्याने त्याची मान धरली, मग दोघंही मला विसरली. दर दोन दिवसांनी जायचं ठरवलंय, उचलून बसतो. पण बारा नाही, दहाव्यात मागणार.

वेतमोजणी
दोन्ही भावंडं एकदम नेणार असाल तर दहाव्यावर मी बाईंकडे तुमची बाजू मांडते. एकटं नेणार असाल तर नाही.

खिडकीतला
दोन?! घरच्यांनी एकालाच कशीबशी परवानगी दिलीय.

नसबंदी आधी
आणि त्या मांजरीचं ऑपरेशन झालं का, ते विचारलंत?