मदत हवी आहे: हायड्रोजनच्या n=2 चा स्टार्क शिफ्ट रेषीय असतो ना? माझा प्रोग्रॅम वर्ग का दाखवतोय?

विश्रामबागची_निशा

नमस्कार. सांगलीत एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी स्टार्क परिणाम घेतलाय. पुस्तकात सरळ लिहिलंय की ग्राउंड स्टेटचा शिफ्ट क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि n=2 चा क्षेत्राच्या सम प्रमाणात, ±3ea₀F. म्हणून छोटा प्रोग्रॅम लिहिला. 2s आणि 2p यांच्यातलं अंतर शून्य न धरता तक्त्यातून घेतलं, १०५८ मेगाहर्ट्झ.

```python
import numpy as np
D = 1058.0   # MHz
k = 3.84     # MHz प्रति V/cm, म्हणजे 3ea₀
for F in [10, 20, 5000, 10000]:
    V = k*F
    H = np.array([[D/2, V], [V, -D/2]])
    print(F, np.linalg.eigvalsh(H)[1] - D/2)
```

१० व्होल्ट/सेंमीला १.३९ मेगाहर्ट्झ येतात आणि २० ला ५.५५. म्हणजे क्षेत्र दुप्पट, शिफ्ट चौपट! खाली ५००० वरून १०००० ला गेलं की मात्र जेमतेम दुप्पट. कोडमध्ये चूक आहे का? गाइड सर म्हणाले "पुस्तकाप्रमाणे यायला हवं" आणि व्हायवाला निघून गेले.

कोरेगावचा_पक्या

सोपं आहे की. 1s गोल असतो, त्याला दिशाच नाही, म्हणून रेषीय भाग शून्य. 2p डंबेलसारखा लांबट, त्यामुळे तो क्षेत्राला लगेच जाणवतो. तुझ्या कोडमध्ये p ची दिशा कुठे आलीच नाही, तिथे बघ.

शाहूपुरी_निवृत्त

पक्या, निम्मं बरोबर. डंबेल लांबट असला तरी त्याचे दोन्ही लोळे सारखेच. अणुकेंद्राच्या वर जेवढा इलेक्ट्रॉन तेवढाच खाली, म्हणजे एकट्या 2p चा डायपोलही शून्यच. एकट्या 2s चा तर शून्य आहेच. रेषीय शिफ्ट येतो तो दोघांच्या मिश्रणातून. s आणि p सम प्रमाणात मिसळले की एका बाजूला लाटा जुळतात, दुसऱ्या बाजूला एकमेकांना खातात, आणि इलेक्ट्रॉनचा ढग अणुकेंद्रापासून 3a₀ इतका सरकलेला दिसतो. हा तयार डायपोल. क्षेत्राच्या दिशेत एक मिश्रण, विरुद्ध दिशेत दुसरं, म्हणून ±. आणि m=±1 वाल्या p ला मिसळायला जोडीदार s नाही, म्हणून त्या पहिल्या पायरीत जागच्या हलत नाहीत.

निशा, तुझ्या कोडमध्ये चूक नाही. जुन्या घरातली शहाबादी फरशी आठव. वाटीत गोटी ठेवून वाटी थोडी कलती केली, तर गोटी कलाच्या प्रमाणात थोडीशी सरकते. सरकणं कलाच्या प्रमाणात आणि मिळणारी ऊर्जा सरकणं गुणिले कल, म्हणून वर्ग. ही 1s ची गत, कारण त्याला मिसळायला जवळ कोणी नाही, n=2 पर्यंत १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा उंच काठ आहे. आता तीच गोटी सपाट फरशीवर ठेव. कल कितीही बारीक असो, गोटी थेट भिंतीला. सरकणं कलावर अवलंबून राहिलंच नाही, म्हणून ऊर्जा सरळ कलाच्या प्रमाणात. पुस्तकातला n=2 ही सपाट फरशी. तू मात्र खरी फरशी घेतलीस, आणि खऱ्या शहाबादीला कुठे ना कुठे खोलगट भाग असतोच. तुझे १०५८ मेगाहर्ट्झ हा तो खोलगट, लॅम्ब शिफ्ट म्हणतात तो. कल बारीक असेपर्यंत गोटी त्या खोलगटातच डुलते, म्हणून वर्ग. कल वाढला की बाहेर पडून भिंतीला, म्हणून रेषीय.

मिरज_लॅबवाला

आमच्या प्रयोगशाळेत हायड्रोजनची डिस्चार्ज ट्यूब आहे, ५ केव्हीवर चालते. तांबडी रेषा कधीच फुटलेली दिसली नाही. ट्यूब खराब असेल का? नवी मागवायची तर तीन कोटेशनं लागतात.

शाहूपुरी_निवृत्त

ट्यूब ठीक आहे, कोटेशनं राहू द्या. ५ केव्ही सगळ्या लांबीवर सारखे पसरत नाहीत, बराचसा उतार कॅथोडजवळ संपतो. उजेड जिथून बघता तिथे समजा १०० व्होल्ट/सेंमी उरले, तर n=3 च्या टोकाच्या पातळ्या सरकतात सुमारे ०.०४ प्रति सेंमी. खोलीच्या तापमानालाही हायड्रोजनच्या धावपळीने ती रेषा ०.२ प्रति सेंमी जाड होते. जाड ब्रशने बारीक रेघ काढण्यातला प्रकार. १९१३ साली स्टार्कने छिद्रं पाडलेल्या कॅथोडच्या मागे वेगळं, जोरदार क्षेत्र दिलं, तेव्हा रेषा फुटल्या.

विश्रामबागची_निशा

सर, फरशी पटली! मग वर्गाचं रेषीय नेमकं कुठे होतं? माझ्या आलेखात कोपरा नाही, हळूहळू वळतंय.

शाहूपुरी_निवृत्त

कोपरा नसणारच. तुझ्या दोन पातळ्यांचं उत्तर √((D/2)²+V²) असं आहे. V हा D/2 पेक्षा फार लहान असला तर शिफ्ट V²/D, फार मोठा असला तर जवळजवळ V. मधे वळण. म्हणून "वर्ग की रेषीय" असं नुसतं विचारू नये. मिसळणाऱ्या पातळ्यांतलं अंतर मोठं की क्षेत्राची ओढ मोठी, एवढंच बघायचं.

पण एक गोष्ट सुधार. १०५८ हे 2s1/2 आणि 2p1/2 यांच्यातलं अंतर. तिथे 3ea₀ चालत नाही, स्पिनमुळे वाटणी होते. 2p1/2 च्या वाट्याला √3 आणि 2p3/2 च्या वाट्याला √6. वर्गांची बेरीज ३+६=९, हिशेब जुळला. त्यामुळे १० व्होल्ट/सेंमीला तुझे १.३९ नाहीत, सुमारे ०.४६ मेगाहर्ट्झ. आणि ५००० ला दोन पातळ्यांचा खेळ पुरतच नाही, कारण 2p3/2 ही 2p1/2 च्या फक्त १०९६९ मेगाहर्ट्झ वर आहे, तीही मिसळते.

कोरेगावचा_पक्या

मग 1s चा शिफ्ट डायपोल गुणिले क्षेत्र, म्हणजे αF² का नाही? पुस्तकात ½αF² दिलंय. छपाईची चूक?

शाहूपुरी_निवृत्त

नाही रे. डायपोल तयार नव्हता, क्षेत्राने ओढून बनवला. ओढायला निम्मी ऊर्जा खर्च झाली. α अणुएककांत ४.५, म्हणून शिफ्ट −(९/४)F². १०० केव्ही/सेंमीला n=2 सरकतो सुमारे १.६ मिली इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि 1s त्याच्या सत्तर हजाराव्या भागाइतका. वाटीचा काठ उंच म्हणतो तो यासाठी.

कृष्णाकाठ

एक शंका. क्षेत्र लावलं की लांब अंतरावर पोटेन्शियल खालीच जातं ना? मग कुठलीच पातळी खरंतर बांधलेली राहत नाही, इलेक्ट्रॉन कधी ना कधी निसटणार. मग आपण "शिफ्ट" तरी कशाचा मोजतोय?

शाहूपुरी_निवृत्त

रास्त शंका. परटर्बेशनची मालिका शेवटपर्यंत बेरजेला उतरतच नाही, तीही याच कारणाने. निशाच्या क्षेत्रांना निसटायला इतका वेळ लागतो की फरक पडत नाही. मोठ्या n ला पडतो. त्यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

विश्रामबागची_निशा

तीन पातळ्या घेतल्या: 2s1/2, 2p1/2, 2p3/2, √3 आणि √6 सकट. मोठ्या क्षेत्राला वरची आणि खालची पातळी ±3ea₀F ला लागल्या, छान. १० ला शिफ्ट ०.४६ नाही, ०.३७ येतोय, 2p3/2 वरून खाली ढकलते म्हणून असेल. पण मधली पातळी 2p1/2 च्या वर ३६५६ मेगाहर्ट्झच्या आसपास जाऊन अडकलीय. क्षेत्र कितीही वाढवलं तरी हलत नाही.

शाहूपुरी_निवृत्त

०.३७ चं कारण बरोबर. मधलीसाठी १०९६९ ला ३ ने भाग, आणि कोणत्या मिश्रणाला s चा हात लागत नाही ते √3 आणि √6 वरून शोध. सांगत नाही, व्हायवाला तेच विचारतील.