बोनस सात हजारांवर की किमान वेतनावर? खाड्याचा महिना अख्खा कापता येतो का?

शिरोळकर_थोरला: माझा धाकटा भाऊ गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये 1 जुलै 2024 ला लागला. बेसिक आणि डीए मिळून 14,800, हाउस रेंट वगैरे धरून 19,600. या दिवाळीला 2024-25 चा बोनस म्हणून 4,082 रुपये हातात पडले. कंपनीचा हिशोब असा: 7,000 चे 8.33 टक्के, गुणिले सात महिने. जुलै ते मार्च नऊ महिने होतात, पण नोव्हेंबरमध्ये सहा खाडे आहेत (बिनपगारी) आणि मार्चमध्ये मशीनवर बोटाला लागल्यामुळे तेरा दिवस तो ईएसआयच्या रजेवर होता. म्हणून ते दोन महिने ‘भरलेले नाहीत’ म्हणतात. टाइम ऑफिसच्या फळ्यावर त्याच्या वर्गाचं किमान वेतन डिसेंबरपर्यंत 13,200 आणि जानेवारीपासून 13,500 असं लिहिलेलं आहे, विशेष भत्ता धरून. हिशोब बरोबर आहे का?

उद्यमनगर: मी स्वतः छोटा कारखानदार आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. बोनस सात हजारांवरच काढतात. सगळा एमआयडीसी परिसर तसाच काढतो. पगार 14,800 असो नाहीतर 20,000, हिशोबाला 7,000 च धरायचे असतात. महिना धरायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या कंपनीचा नियम असतो. महिनाभर न येणाऱ्याला आणि रोज वेळेवर येणाऱ्याला सारखाच बोनस दिला तर हजेरी सांभाळायची कशी? तुमच्या भावाला रीतसर 8.33 टक्के मिळाले आहेत, म्हणजे कायदा पाळला गेला.

टाइमऑफिस_निवृत्त: साहेब, तुमचं अर्धं बरोबर आहे. पगार मर्यादेच्या वर असला तरी बोनस मर्यादेच्या रकमेवरच निघतो, हे खरं. पण मर्यादा काय, हे बोनस कायद्याच्या कलम 12 मध्ये अर्धंच वाचून चालत नाही. 2015 च्या दुरुस्तीने 3,500 चे 7,000 केले आणि त्याच वाक्यात पुढे जोडलं, की सात हजार किंवा त्या कामासाठी सरकारने ठरवलेलं किमान वेतन, यातलं जे जास्त असेल ते. आजच्या किमान वेतनाचे दर पाहता महाराष्ट्रातल्या कारखान्यात सात हजार लागू पडण्याची वेळच येत नाही. फळ्यावर 13,200 लिहायचे आणि बोनसच्या रजिस्टरला 7,000 लिहायचे, ही एकाच ऑफिसात दोन हिशोब ठेवण्याची गोष्ट झाली.

आता महिन्यांचं. ‘भरलेला महिना’ अशी गोष्ट कायद्यात कुठेच नाही. वर्षात तीस दिवस काम केलं की माणूस बोनसला पात्र. त्यानंतर कलम 10 सांगतं, की वर्षात जो पगार मिळवला त्यावर 8.33 टक्के. नोव्हेंबरमध्ये वीस दिवसांचा पगार मिळवला असेल तर वीस दिवसांवर बोनस निघेल. सहा दिवसांचा निघणार नाही, आणि ते योग्यच. पण सहा खाड्यांसाठी उरलेल्या वीस दिवसांचा बोनसही कापायचा, हे कुठल्या कलमात बसतं?

शिरोळकर, भावाचा हिशोब मी असा मांडेन. जुलै ते ऑक्टोबर आणि डिसेंबर हे पाच महिने पूर्ण, 13,200 प्रमाणे 66,000. नोव्हेंबरचे सव्वीसपैकी वीस दिवस, म्हणजे 13,200 मधले 10,154. जानेवारी, फेब्रुवारी पूर्ण, 13,500 प्रमाणे 27,000. मार्चचे अर्धे दिवस, 6,750. बेरीज 1,09,904. त्याचे 8.33 टक्के 9,155 रुपये. मिळाले 4,082. अपघाताच्या तेरा दिवसांचा प्रश्न मी अजून बाजूला ठेवला आहे, त्यावर नंतर लिहितो.

आणि घटकाभर सात हजारच धरले तरी कंपनीची रक्कम चुकते. सात पूर्ण महिने, नोव्हेंबरचे वीस दिवस आणि मार्चचा अर्धा महिना धरून 57,885 होतात, त्यावर 4,822 रुपये. म्हणजे त्यांच्याच मर्यादेने 740 रुपये कमी दिले आहेत. बोलायला जाल तेव्हा सुरुवात इथून करा, कारण या चुकीला त्यांच्याकडे उत्तर नसेल.

वाळूज_रातपाळी: आमच्याकडे तर त्याहून वाईट. मला एकूण 24,000 मिळतात, आणि एचआर म्हणतात 21,000 च्या वर गेलास म्हणून बोनसच नाही. बेसिक आणि डीए 18,300 आहे. बाकी घरभाडं, प्रवास आणि धुलाई भत्ता. या भावाला निदान चार हजार तरी मिळाले.

टाइमऑफिस_निवृत्त: 21,000 ची पात्रता बेसिक आणि डीएवर बघायची असते, हातात येणाऱ्या एकूण रकमेवर नाही. घरभाडं, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम हे बोनसच्या ‘पगारात’ धरत नाहीत. 18,300 म्हणजे तुम्ही आत आहात. पगाराची स्लिप घेऊन लेखी विचारा. तोंडी विचारलंत तर तोंडीच टोलवतील.

सातारा_फिटर: 8.33 वर कशाला थांबता? आमच्या शेजारच्या कंपनीने 20 टक्के दिला. कायद्यातच वीस टक्के लिहिलंय. शिरोळकरांनी सरळ वीसच मागावा, बावीस हजारांच्या घरात जातो.

उद्यमनगर: हे बघा, म्हणूनच आम्हाला धास्ती वाटते. वीस टक्के ही कमाल मर्यादा आहे, हक्क नाही. नफा झाला नाही तरी 8.33 द्यावाच लागतो आणि आम्ही तो दिला आहे. त्या वर जायला वाटण्याजोगा नफा असावा लागतो.

टाइमऑफिस_निवृत्त: या मुद्द्यावर मी उद्यमनगर साहेबांच्या बाजूने आहे. 8.33 आणि 20 यांच्या मधला टक्का ताळेबंदावरून ठरतो. ठरावीक वजावटी करून जी शिल्लक उरते तिचा साधारण साठ टक्के भाग कामगारांच्या वाट्याचा, आणि तो वीस टक्क्यांच्या वर गेला तर जास्तीचा पुढच्या वर्षांसाठी राखला जातो. नुकसानीच्या वर्षी दिलेला 8.33 सुद्धा असाच पुढे वळता होतो. शेजारच्या कंपनीवरून आपला टक्का सांगता येत नाही. मात्र त्याच शॉपमध्ये बाकीच्यांना 8.33 पेक्षा जास्त टक्का मिळाला असेल, तर भावालाही तोच मिळायला हवा. नवा म्हणून कमी टक्का लावता येणार नाही. हे शिरोळकरांनी विचारून घ्यावं.

हिशोबनीस_सांगली: टाइमऑफिस साहेब, नोव्हेंबरबद्दल मला पटलं नाही. त्या महिन्यात त्याने खरा पगार मिळवला 14,800 चे वीस-सव्विसांश, म्हणजे 11,385. हा आकडा 13,200 च्या खालीच आहे. मग मर्यादा लागायचं कारणच काय? 11,385 वरच बोनस काढायला हवा. तुम्ही मर्यादाही कापली आणि दिवसही कापले.

टाइमऑफिस_निवृत्त: मर्यादेची तुलना महिन्याच्या दराशी होते, असं मी वाचतो. दर 14,800, तो 13,200 च्या वर, म्हणून पगार 13,200 असल्यासारखा मानायचा आणि मग हजर दिवसांपुरता घ्यायचा. तसं नाही केलं तर गंमत अशी होते, की सहा खाडे करणाऱ्याच्या प्रत्येक दिवसावर पूर्ण महिना भरणाऱ्यापेक्षा जास्त बोनस पडतो. कायद्याचा असा हेतू असेल असं मला वाटत नाही.

हिशोबनीस_सांगली: हेतू काही असो, शब्द ‘मिळवलेला पगार’ असे आहेत. मी माझ्या कामगारांचा हिशोब तसाच करते. नोव्हेंबर आणि मार्च मिळून फरक दीडशे रुपयांच्या आसपासचा आहे, त्यावर कारखान्याचं दिवाळं निघत नाही.

उद्यमनगर: किमान वेतनाबद्दल एक विचारतो. त्यात विशेष भत्ता कशाला धरायचा? तो दर सहा महिन्यांनी बदलतो. मूळ दर धरला तर समजू शकतो. जानेवारी आणि जुलैमध्ये दर हलला की आमचं बोनसचं गणितही हलतं. आणि आता तर वेतन संहिता आली, जुना बोनस कायदाच गेला. मग 2015 च्या दुरुस्तीचं काय घेऊन बसलात?

टाइमऑफिस_निवृत्त: किमान वेतन म्हणजे मूळ दर आणि विशेष भत्ता मिळूनच. पगार देताना तुम्ही दोन्ही देता, मग बोनसला त्यातला एकच तुकडा कसा घ्यायचा? गणित हलतं हे मान्य. म्हणूनच वर डिसेंबरपर्यंतचे महिने 13,200 ने आणि पुढचे 13,500 ने धरले. वर्षभराला एकच आकडा लावायचा नाही, एवढं सांभाळलं की अवघड काही राहत नाही.

संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. शिरोळकरांचं वर्ष 31 मार्च 2025 ला संपलं, बोनस दिवाळीत दिला गेला. तो जुन्या कायद्याचाच हिशोब. आणि संहितेतही 8.33, 20 टक्के, तीस दिवस आणि ‘किमान वेतन जास्त असेल तर ते’ या गोष्टी आहेतच. पगाराची व्याख्या बदलली आहे, भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग पगारात मिळवायचा. 2025-26 चा हिशोब करताना त्यावर वेगळं बसावं लागेल.

शिरोळकर_थोरला: सगळ्यांचे आभार. मार्चचे तेरा दिवस राहिले. ते त्याच्या चुकीने गेले नाहीत. कामावर असताना लागलं होतं.

टाइमऑफिस_निवृत्त: कामावरच्या अपघाताने आलेली तात्पुरती अक्षमता कलम 14 प्रमाणे कामाचे दिवस म्हणूनच मोजतात. म्हणजे ‘हजर नव्हता’ असं कंपनीला म्हणता येणार नाही. पण त्या दिवसांचे पैसे ईएसआयने दिले, कंपनीने नाही, आणि टक्का मिळवलेल्या पगारावर आहे. म्हणून मी त्यांच्यावर बोनस धरला नाही.

हिशोबनीस_सांगली: मी धरते. दिवस काम केल्याचे मानायचे आणि त्या दिवसांचा पगार शून्य मानायचा, मग ते दिवस मानून कामगाराला मिळालं काय? तीस दिवसांची अट बहुतेकांची तशीही पूर्ण होते. कामावर बोट गेलं त्याचा बोनसही जावा, हे मला पटत नाही. तेरा दिवस धरले तर 9,155 चे 9,717 होतात. अर्जात 9,717 च लिहा.

टाइमऑफिस_निवृत्त: ताई, भावना समजतो, पण अर्जात वादाची रक्कम बिनवादाच्या रकमेत मिसळली तर कंपनी सगळ्यालाच वादग्रस्त म्हणते. 9,155 मधून 4,082 वजा, 5,073 रुपये बाकी, हे पहिल्या परिच्छेदात लिहा. 562 रुपयांची मागणी कलम 14 चा उल्लेख करून खाली वेगळी लिहा. सोबत नऊ महिन्यांच्या स्लिपा आणि फळ्याचा फोटो जोडा. बोनसच्या रजिस्टरचा नमुना सी दाखवा म्हणावं, त्यात काम केलेल्या दिवसांचा रकाना असतो. तिथे नोव्हेंबर आणि मार्चचे दिवस धरलेत का ते बघा. मुदत वर्ष संपल्यापासून आठ महिने, म्हणजे 30 नोव्हेंबर 2025 ला संपली, हेही लिहा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात त्याच अर्जाची प्रत द्या.

उद्यमनगर: मी माझ्या अकाउंटंटला आजच विचारलं. तो म्हणतो, सात हजारांचा आकडा जुन्या शीटमध्ये तसाच राहिला होता. किमान वेतनाचं मी तपासून घेतो. पण अपघाताच्या दिवसांवर बोनस मी देणार नाही, ईएसआयची वर्गणी आम्ही त्यासाठीच भरतो.

हिशोबनीस_सांगली: वर्गणी उपचारासाठी आणि बुडालेल्या पगारासाठी आहे. बोनस त्यात कुठे येतो ते सांगा, मग पुढे बोलू.