खोल श्वास घे म्हटलं की अजून जोरात रडतो

सोमवार, रात्री

ओमची आई: एक विचारायचंय सगळ्यांना. ओम आता सव्वाचार वर्षांचा आहे. रोज संध्याकाळी खाली खेळून वर यायची वेळ झाली की जमिनीवर आडवा पडून किंचाळतो, वीस पंचवीस मिनिटं सहज जातात. मी सगळीकडे वाचलं की मुलाला खोल श्वास घ्यायला सांगा म्हणून सांगते, पण तो हुं करून एकदम श्वास ओढतो, खांदे कानापर्यंत जातात आणि मग डबल आवाजात सुरू. माझं काय चुकतंय

अन्वीचे बाबा: आमच्याकडेही सेम. "श्वास घे" ऐकलं तरी चिडते आता ती

तिसऱ्या मजल्यावरचे काका: चार आकडे श्वास आत, सात रोखायचा, आठ आकड्यात सोडायचा. मी रोज करतो, झोप मस्त लागते. मुलांना लहानपणापासूनच लावा सवय

मेधाताई: काका तुमच्यासाठी ते ठीक आहे पण हिशोब करून बघा ना. चार अधिक सात अधिक आठ म्हणजे 19 सेकंदांचा एक श्वास. चार वर्षांचं मूल शांत बसलेलं असतानाही मिनिटाला साधारण 20 ते 25 श्वास घेतं, म्हणजे त्याचा एक श्वास अडीच तीन सेकंदांचा. तुमच्या एका श्वासात त्याचे सहा सात श्वास होतात 😄 त्याला सात सेकंद रोखायला सांगितलं तर ते गुदमरल्यासारखंच वाटणार

काका: हे लक्षातच नाही आलं 🙏

मेधाताई: ओमच्या आई, तुझं चुकत काही नाहीये, सूचना उलट्या टोकाकडून सुरू होतेय एवढंच. रडताना मूल हुंदक्यांमध्ये तुकड्या तुकड्याने श्वास आत ओढतच असतं, छाती आधीच भरलेली असते. त्यात आपण म्हणतो अजून घे. आपल्याला हवा असतो तो सोडायचा श्वास, आणि तोही लांबवलेला. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंदावतात, सगळ्यांचेच. म्हणून सोडणं लांबलं की शरीर आपोआप थोडं खाली उतरतं. आता हे चार वर्षांच्या मुलाला समजावून सांगायचं नाही, त्याला फुंकायला काहीतरी द्यायचं. फुंकर संपली की श्वास आपोआप आत येतो, तो शिकवावा लागत नाही

काका: आत्ता मनगटावर बोट ठेवून करून बघितलं. सोडताना खरंच ठोके लांब पडतात हो. इतकी वर्षं श्वास मोजतोय पण हे कधी बघितलं नव्हतं

अन्वीचे बाबा: मग फुगे फुगवायला देऊ का? अन्वीला भयंकर आवडतात

मेधाताई: खरे फुगे नको. एक तर फुटलेल्या किंवा न फुगवलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकू शकतो, आठ वर्षांखालच्या मुलांना तर हातात देऊच नये. आणि दुसरं म्हणजे खरा फुगा फुगवायला जोर लागतो, गाल फुगतात, मान ताठ होते, चेहरा लाल होतो, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या बरोब्बर उलटं. फुग्याचा श्वास म्हणतात तो खोटा खोटा फुगा. हात पोटावर ठेवायचे, पोट फुगा झालं म्हणायचं, आणि मग स्स्स्स करत फुग्यातली हवा हळूहळू सोडायची. लहान मुलांना यातला फुगवायचा भाग नाही, हवा सोडताना स्वतः लुळं पडून गादीवर कोसळायचा भाग आवडतो. तोच कामाचा आहे. पण ओमसाठी मी आधी होडी सुचवेन

ओमची आई: होडी म्हणजे कागदाची?

मेधाताई: हो. कारण फुग्यात मूल बरोबर करतंय की नाही हे आपल्याला सांगावं लागतं आणि आपण सांगितलं की ते चिडतं. होडी स्वतःच सांगते. जोरात फुंकलं की ती गोल फिरते नाहीतर कलंडते, हळू आणि लांब फुंकलं की सरळ पुढे जाते. आपल्याला तोंड उघडायची गरजच नाही.

पसरट परात घ्यायची, त्यात दोन बोटं पाणी, बस. वहीच्या पानाची पाव आकाराची होडी, तिच्या बुडाला मेणाचा खडू घासायचा नाहीतर कागद लगेच लगदा होतो. ओमला पोटावर झोपू दे, तोंड पाण्याच्या लेव्हलला, होडीपासून वीतभर लांब. फुंकर मागून, वरून नाही. गरम काहीतरी गार करताना ओठ करतो तसे ओठ. खेळ एवढाच की एका फुंकरीत होडी पलीकडच्या काठाला न बुडता पोचली पाहिजे. तीन चार फेऱ्या झाल्या की परात उचलायची, अजून अजून म्हणत असेल तरी. सलग दहा बारा वेळा फुंकलं की मुलांना गरगरतं, ओठांभोवती मुंग्या येतात, तसं झालं तर थांबून नेहमीसारखा श्वास घेऊ द्यायचा

ओमची आई: स्ट्रॉ देऊ का

मेधाताई: सुरुवातीला नको, ते पाणी ओढून पितात 😅 आणि परात असली तरी पाणी ते पाणीच, तू शेजारी बसूनच राहा, फोन आला म्हणून उठायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे संध्याकाळच्या रडारडीत काढू नकोस. सकाळी, पोट भरलेलं, मूड चांगला असताना. आठवडाभर त्याला कळताही कामा नये की हे कशासाठी आहे

ओमची आई: माझ्याकडे एवढी पसरट परात नाहीये

मेधाताई: माझी घेऊन जा. लिफ्ट बंद आहे तेव्हा मीच मुलाला पाठवते खाली

गुरुवार, रात्री

ओमची आई: मेधाताई फेल गेलं 😞 तीन दिवस सकाळी मस्त खेळला, काल तर होडी एका फुंकरीत पलीकडे नेली. म्हणून आज खाली पडला तेव्हा मी पर्समधून होडी काढून म्हटलं चल फुंक बघू. होडी फाडून माझ्या अंगावर टाकली

मेधाताई: अगं तीनच दिवस झालेत, आणि तू होडी अगदी टोकाला काढलीस. किंचाळणं शिगेला असताना शब्द आत जातच नाहीत, खेळ तर लांबच राहिला. त्यावेळी फक्त जवळ बसायचं, कमीत कमी बोलायचं, त्याला लागणार नाही एवढं बघायचं आणि स्वतःचा श्वास हळू सोडायचा, त्याला ऐकू येईल असा. मग एक वेळ येते, सलग किंचाळणं तुटतं आणि मध्ये हुंदके यायला लागतात, एखाद्या वेळी तो तुझ्याकडे बघतो. ती फट. तेव्हा होडी काढायची. त्याच्या आधी काढलीस तर त्याच्यासाठी ती "गप बस" चीच दुसरी आवृत्ती होते. तसं दोन चार वेळा झालं की सकाळचा खेळही नकोसा होतो, म्हणून घाई नको

अन्वीचे बाबा: हे मी पण केलंय. रागावून "जा आधी फुग्याचा श्वास घेऊन ये" म्हटलं होतं 🙈 आता फुगा म्हटलं की कानावर हात

मेधाताई: मग फुगा काही दिवस बंद ठेवा आणि दुसऱ्याच नावाने सुरू करा. आणि तिला करायला सांगूच नका, तुम्ही स्वतः करा तिच्यासमोर, चुकीचं करा, होडी बुडवा. मुलांना बाबांना शिकवायला फार आवडतं

पहिल्या मजल्यावरची ताई: मेधाताई आमचा धाकटा दीड वर्षाचा, रडता रडता श्वासच अडकतो त्याचा, ओठ निळे पडतात, एकदा तर मिनिटभर लुळा पडला होता. त्याला पण फुंकायला शिकवू का

मेधाताई: नाही ताई, हे वेगळं आहे. एक तर दीड वर्षाच्या मुलाला सांगून फुंकता येत नाही, ते दोन अडीचनंतर हळूहळू जमतं. आणि श्वास रोखला जाणं तो मुद्दाम करत नाहीये, लहान मुलांत हे होतं आणि बहुतेक जण मोठे होताना त्यातून बाहेर पडतात. पण डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे, ते बऱ्याचदा रक्तातलं लोहही तपासायला सांगतात. त्या क्षणी त्याला कुशीवर झोपवायचं, हलवायचं नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. आणि मिनिटभरात श्वास सुरू झाला नाही तर लगेच अँब्युलन्स. खेळाचा इथे काही संबंध नाही

पहिल्या मजल्यावरची ताई: उद्याच जाते

काका: दम्याची मुलं?

मेधाताई: बरं असताना खेळू दे. खोकला किंवा सूं सूं आवाज सुरू झाला की बंद, आणि दम लागलेला असताना औषधाऐवजी फुंकर असं कुणी करू नका

पुढचा बुधवार

ओमची आई: अपडेट. आज नववा दिवस की काय ते. होडी मी बाहेर न्यायची बंद केली, कारण पाणीच नसतं खाली. त्याऐवजी मेधाताईंनी फोनवर सांगितलं तसं माझा तळवा म्हणजे होडी. तो फुंकतो, मी हात हळूहळू मागे नेते, जोरात फुंकलं की हात डुचमळवून आपटते, हळू फुंकलं की लांबपर्यंत नेते. हे आधी घरात अंथरुणात खेळलो चार दिवस. सोमवारी खाली पुन्हा पडला, मी गप्प बसले, सात आठ मिनिटांनी हुंदके सुरू झाले तेव्हा काही न बोलता हात त्याच्या तोंडासमोर धरला. आधी ढकलला. परत धरला नाही, मांडीवर तसाच उघडा ठेवला. एका मिनिटाने त्याने स्वतःच फुंकलं, जोरात, रागानेच, मी होडी बुडवली. मग दुसरी हळू. तिसऱ्याला लांब उसासा आला आणि आवाज खाली आला. मग म्हणाला माझा बूट कुठाय 😂 एकूण बारा मिनिटं असतील. काल मात्र पूर्ण वीस मिनिटं रडला, होडी बिडी काही नाही, दुपारी झोपला नव्हता

मेधाताई: काल न चालणं साहजिक आहे, झोपेला फुंकर औषध नाही. पण सोमवारचं वाचून मस्त वाटलं, हात परत न धरता उघडा ठेवलास ते तर मी सांगितलंही नव्हतं

अन्वीचे बाबा: अन्वीने आज माझ्या सहा होड्या बुडवल्या आणि मला शिकवलं की "बाबा हळू, तिच्यात माणसं आहेत"

काका: मी आठ आकडे सोडून होडीच करतो आता

ओमची आई: काका तळवा पाठवू का वर 😄

मेधाताई: तळवा नंतर, आधी माझी परात पाठव

ओमची आई: ओम म्हणतोय ती बंदर आहे, देणार नाही