सेल्सवाल्याला "भेट नको" कसं सांगितलंत? (अनुभव धागा)

भोसरीचा_प्रेसवाला:
शनिवारी रात्री आमच्या स्क्रू कॉम्प्रेसरचा एअरएंड जाम झाला. सोमवारी माल पाठवायचा होता. रविवारी सकाळी ज्याला फोन केला आणि ज्याने संध्याकाळपर्यंत भाड्याचा कॉम्प्रेसर दारात उभा केला, त्याला मी 2019 मध्ये "आता येऊ नका" म्हणून सांगितलं होतं. तेव्हा तो नवीन कॉम्प्रेसर विकायचा, आता भाड्याने देणाऱ्या कंपनीत आहे. म्हणून हा धागा.

तेव्हा मी आधी जे केलं ते लाजिरवाणं आहे. "पुढच्या आठवड्यात बघू" असं सात-आठ वेळा म्हणालो. मग वॉचमनला "साहेब नाहीत" सांगायला लावलं, आणि माझी स्कूटर गेटलाच उभी. त्याने स्कूटरकडे बघितलं, माझ्या खिडकीकडे बघितलं आणि वहीत वेळ लिहून निघून गेला. त्या रात्री मी त्याला हा मेसेज टाकला (अजून फोनमध्ये आहे):

"नमस्कार. तुमच्या चार फेऱ्या वाया गेल्या, त्याबद्दल दिलगीर आहे. आमचा कॉम्प्रेसर तीन वर्षांचा आहे आणि एएमसी 31 मार्चपर्यंत आहे. त्याआधी नवीन मशीन घेणार नाही, त्यामुळे आता भेट नको, फुकटचं एअर ऑडिटही नको. कॅटलॉग मेलवर पाठवा, जपून ठेवतो. आमचं बजेट जानेवारीत ठरतं. गरज असेल तर तेव्हा मीच फोन करीन. तोपर्यंत कृपया फोन करू नये."

दोन मिनिटांत "ओके सर, थँक यू" आलं आणि खरंच फोन बंद झाले. तुमचं काय?

आईची_डबेवाली:
आमच्याकडे पॉलिसीवाला म्हणजे नवऱ्याचा मावसभाऊच. त्याला मेसेज कसा टाकणार हो? दर दिवाळीला फराळासोबत फॉर्म. शेवटी एक छोटी पॉलिसी घेतली. ☹️

प्रेसवाला:
@डबेवाली, ती वेगळी केस. तिथे एएमसीची तारीख सांगून भागत नाही.

फिरस्ता_विक्रेता:
मी त्या बाजूचा. बारा वर्षं औद्योगिक विक्री, चाकण-रांजणगाव पट्टा. तुमचा मेसेज का चालला ते सांगतो. आम्हाला प्रत्येक भेटीनंतर दोन रकाने भरावे लागतात: काय म्हणाले, आणि पुढे कधी. "बघू" म्हटलं की ती चौकशी जिवंत राहते. मग मॅनेजर रोज विचारतो, "त्या भोसरीवाल्याचं काय झालं?" आम्हाला हौस नसते हो. तुमच्या मेसेजमध्ये दोन्ही रकान्यांचं उत्तर होतं. पोराने तो थेट मॅनेजरला फॉरवर्ड केला असणार.

अजून एक. कारण कोणतं देता त्यावर सगळं अवलंबून आहे. "महाग आहे" म्हणालात तर आम्ही डिस्काउंट घेऊन परत येतो. "वेळ नाही" म्हणालात तर दुसरी वेळ मागतो. "पार्टनरला विचारावं लागेल" म्हणालात तर पार्टनरचा नंबर मागतो. "करार अमुक तारखेपर्यंत आहे, त्याआधी खरेदी नाही" यावर आमच्याकडे उत्तर नसतं. 

ठाण्याचा_नाना:
एवढं कशाला? 1909 वर डीएनडी करून टाका, विषय संपला. मी केलं, शांतता आहे.

फिरस्ता_विक्रेता:
नाना, डीएनडी लोन-क्रेडिट कार्डवाल्या जाहिरातींच्या फोनला ठीक. पण प्रदर्शनात ज्याला आपणच व्हिजिटिंग कार्ड दिलं, तो स्वतःच्या मोबाइलवरून फोन करणार. तो काही डीएनडीची यादी बघून नंबर फिरवत नाही. तक्रार करता येईल, पण मग रविवारी कॉम्प्रेसर कोण आणून देणार?

ठाण्याचा_नाना:
मला कॉम्प्रेसर लागत नाही. 😀

डॉ_मिरज:
आमच्याकडे एमआर. ओपीडी भरलेली आणि दारात तिघं बॅगा घेऊन. मी पाटी लावली: मंगळवार, दुपारी 2 ते 2:30. बाकी दिवशी कंपाउंडर फक्त कार्ड घेतो. पाटीमुळे "तुम्हालाच का नाही" हा प्रश्न उरत नाही, सगळ्यांना एकच नियम. एक मुलगा गुरुवारी आला, मी आत बोलावलं नाही, पण बाहेर ऊन होतं म्हणून पाणी विचारलं. आज तो दुसऱ्या कंपनीत एरिया मॅनेजर आहे, मंगळवारीच येतो.

खरेदीखातं_सातपूर:
मी खोटं बोलून फसलेय. "आम्ही दुसरीकडून घेतलं" असं सांगितलं. तो म्हणाला, "अरे वा, कोणतं मॉडेल?" मी सुचेल ते नाव घेतलं. नाशिकमध्ये त्या कंपनीचा डीलर म्हणजे त्याचा रूममेट! दुसऱ्या दिवशी डीलरचा फोन, "मॅडम, कुठून घेतलं? आमच्याकडून तर नाही." आता दोघं फोन करतात.

प्रेसवाला:
😂😂

ओसाकाकर:
इथे जपानमध्ये "केन्तो शिमास", म्हणजे "विचार करून बघतो", म्हटलं की समोरचा बहुतेक वेळा नकार समजून घेतो. मी पहिलं वर्षभर वाट बघत बसलो होतो. मी विक्रेता होतो हे सांगायचं राहिलं.

उद्योजक_कोल्हापूर:
तारीख देण्याला माझा विरोध. मी "जानेवारीत बोलू" म्हणालो, पठ्ठ्याने 1 जानेवारीला सकाळी नऊला हॅपी न्यू इयरचा फोन केला. नंतर दर सोमवारी. 

फिरस्ता_विक्रेता:
"बोलू" म्हणालात ना? प्रेसवाल्यांनी "मीच फोन करीन" लिहिलंय. फोन कोण करणार ते त्यात ठरलं. तरी सगळेच ऐकतात असं नाही, मार्चअखेर आली की आम्ही वचनं विसरतो. "आमचे मोठे साहेब पुण्यात आलेत, पाचच मिनिटं" हा फोन येईलच. तेव्हा नवीन कारण देऊ नका. तोच जुना मेसेज परत पाठवा. नवीन कारण दिलं की आम्ही नवीन तोडगा काढतो.

उद्योजक_कोल्हापूर:
आणि तरी आलाच तर?

फिरस्ता_विक्रेता:
तर उभ्यानेच बोला. खुर्ची आणि चहा दिलात की ती भेट झाली, रिपोर्टात चढते.

डबेवाली:
दारात आलेल्याला चहा नाही? हे काही पटत नाही बाई.

डॉ_मिरज:
मलाही नाही पटलं.

जुना_मेंटेनन्सवाला:
विषय सोडून: प्रेसवाले, ऑडिटला नाही म्हणालात ते चुकलं. आमच्याकडे फुकटच्या ऑडिटमध्येच गळती सापडली.

प्रेसवाला:
ऑडिट फुकट असतं काका, पण त्यानंतरचं प्रेझेंटेशन दोन तासांचं, आणि मग "एवढं केलं सर, निदान कोटेशन तरी घ्या". मग नाही म्हणणं अजून जड जातं.

जुना_मेंटेनन्सवाला:
मग स्वतः करा. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीनं बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू. किती वेळ लोडवर चालतो, किती वेळ अनलोड, ते घड्याळ लावून आठ-दहा फेऱ्या मोजा. 2 मिनिटं लोड, 6 मिनिटं अनलोड आलं, तर 8 पैकी 2, म्हणजे कॉम्प्रेसर पूर्ण लोडवर जेवढी हवा देतो, तिचा चौथा हिस्सा नुसता गळतोय. मग साबणाचं पाणी घेऊन जॉइंट आणि पाइप बघत फिरा.

प्रेसवाला:
भाड्याचा आहे तोवर त्यावरच मोजतो या रविवारी.

खरेदीखातं_सातपूर:
काका, व्हीएफडीवाल्याला हे चालतं का? आमचा तसा आहे.

जुना_मेंटेनन्सवाला:
त्याला असं नाही जमत, तो लोड-अनलोड न करता स्पीड कमी-जास्त करतो. वेगळा धागा काढा, सांगतो.

डबेवाली:
मावसभावाचा आत्ताच फोन आला. धाकट्याच्या नावाने काहीतरी योजना आहे म्हणे. त्या मेसेजमध्ये एएमसीच्या जागी काय लिहू?