उत्तर: इंग्रजी लिखाणातली लघुरूपं आय.ई., ई.जी. आणि व्हिज.

> "आय.ई. काय नि ई.जी. काय, दोन्ही 'उदाहरणार्थ'च ना? मग व्हिज. वेगळं कशाला?"

नाही हो, याच समजुतीपायी आमचं एक काम गेलं. उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपच्या कोटेशनमध्ये मी लिहिलं होतं, 'पंपाचे सुटे भाग, आय.ई. इंपेलर आणि केसिंग, मशीनिंग करून मिळतील.' गिऱ्हाईकानं सरळ अर्थ घेतला की आम्ही हे दोनच भाग करतो, आणि शाफ्ट नि बुशची ऑर्डर दुसरीकडे दिली. चूक त्याची नव्हती. आय.ई. म्हणजे लॅटिन 'इद एस्ट', आपलं 'म्हणजेच'. मला हवं होतं ई.जी., 'एक्झेम्प्ली ग्राशिया', म्हणजे 'उदा.'. ते लिहिलं असतं तर यादी अपुरी आहे हे आपोआप कळलं असतं. म्हणूनच ई.जी.च्या यादीला शेवटी एट्सेट्रा जोडायचं नसतं. 'अँड एट्सेट्रा' तर नकोच, कारण 'एट' म्हणजेच 'आणि'.

दोनच भाग करत असतो, तर तिथं व्हिज. चपखल बसलं असतं. आधी 'दोन भाग' म्हणायचं आणि मग ते दोन्ही नावानिशी सांगायचे, एकही न गाळता. मूळ शब्द 'व्हिडेलिसेट'. त्यात 'झेड' कुठंच नाही! मध्ययुगीन लेखनिक शब्दाच्या शेवटचं 'एट' एका वळणदार खुणेनं उरकायचे, ती पुढं झेडसारखी वाचली गेली. मोठ्यानं वाचताना मात्र इंग्रजीत त्याला बहुधा 'नेमली' म्हणतात.